६.६२ सीजीपीए म्हणजे नक्की किती टक्के? तीन जणांनी तीन उत्तरं दिली

चिपळूणचा_मामा

मंडळी, जरा मदत हवीये, घाई आहे.

भाचा मुंबई विद्यापीठाच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून काही वर्षांपूर्वी पास झाला. ग्रेडकार्डावर सीजीपीए ६.६२, टक्के कुठेच नाहीत. आता एका सरकारी कंपनीचा फॉर्म भरतोय, त्यात रकाना टक्क्यांचा आहे आणि अट आहे किमान ६०. सायबर कॅफेवाल्याने ९.५ ने गुणून ६२.८९ टाकलं, म्हणाला सगळे हेच टाकतात. भाच्याचा मित्र म्हणतो ०.७५ वजा करून दहाने गुणायचं, ते येतं ५८.७. आणि मी आपला साधा माणूस, मला वाटलं ६.६२ म्हणजे ६६.२, आणखी काय!

म्हणजे एका हिशोबाने पोरगं आरामात बसतंय आणि एका हिशोबाने बाहेर. आमच्या वेळी मार्कशीटवर ७०० पैकी ४३१ असं लिहिलेलं असायचं, भागाकार केला की झालं. हे ग्रेडचं खूळ कशासाठी आणलं तेच कळत नाही. फॉर्म अजून सबमिट केलेला नाही, अकरा दिवस आहेत.

जुना_एटीकेटी

मामा, ९.५ च. आमच्या सगळ्या बॅचने ९.५ ने गुणूनच नोकऱ्या मिळवल्या. केंद्र सरकारचा फॉर्म्युला आहे तो. बिनधास्त सबमिट करा, कोण बघतंय.

फणसपोळी

माझ्या मुलीला सीईटीला ९२ आलेत, मग तिचा सीजीपीए ९.२ धरायचा का? कॉलेजच्या फॉर्मवर दोन्ही विचारलंय म्हणून विचारते. सॉरी मामा तुमच्या धाग्यात घुसले.

खडूमास्तर

फणसपोळी ताई, नाही हो. ते ९२ पर्सेंटाईल आहेत, पेपरातले मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरातली साधारण ९२ मुलं तिच्या बरोबरीला किंवा मागे आहेत एवढाच त्याचा अर्थ, पेपरात तिला निम्मेच मार्क असू शकतात. सीजीपीएचा रकाना कोरा सोडा, ती अजून डिग्रीला गेलीच नाहीये.

आता मामांचा प्रश्न. एटीकेटी, ९.५ केंद्राचा आहे हे अर्धं बरोबर आहे. तो सीबीएसईचा होता आणि फक्त त्यांच्या दहावीचा. २००९-१० पासून त्यांनी दहावीला ग्रेड आणल्या, ९१ ते १०० ला ए-वन म्हणजे १० पॉइंट, ८१ ते ९० ला ९, असं खाली दहा-दहाच्या पट्ट्यांनी. मग लोक टक्के मागायला लागले म्हणून त्यांनी आधीच्या काही वर्षांत ९१ च्या वरच्या मुलांची सरासरी काढली, ती ९५ च्या आसपास आली, १० पॉइंट म्हणजे ९५, म्हणून पॉइंटला ९.५. तिथे ते ठीक होतं कारण पट्ट्या सगळ्या सारख्या होत्या. मुंबईच्या इंजिनिअरिंगला तो लावणं म्हणजे किलोच्या वजनाने लिटर मोजणं.

कारण मुंबईच्या त्या वेळच्या पट्ट्या बघा (मी हे पेपर तपासलेत, ग्रेडा लावल्यात, पाठ आहेत). ८० आणि वर असेल तर ओ, १० पॉइंट. ७५ ते ८० ला ९. ७० ते ७५ ला ८. ६० ते ७० ला ७. ५० ते ६० ला ६. ४५ ते ५० ला ५ आणि ४० ते ४५ ला ४. पट्ट्यांची रुंदी सारखी नाहीच! वरची पट्टी वीस मार्कांची, तिच्याखालच्या दोन पाच-पाचच्या, मग दोन दहा-दहाच्या, मग परत पाच-पाच. पॉइंट मात्र प्रत्येक पायरीला एकच वाढतो.

आता प्रत्येक पट्टीचा मध्य धरा. ४ पॉइंट म्हणजे साडेबेचाळीस मार्क, ९ पॉइंट म्हणजे साडेसत्त्याहत्तर. पाच पायऱ्यांत ३५ मार्क वाढले, म्हणजे पायरीला ७. म्हणून या पट्ट्यांसाठी खरं सूत्र साधारण ७ ने गुणून वर साडेचौदा मिळवा असं काहीतरी निघतं. विद्यापीठाच्या सर्क्युलरातही ७ च्या आसपासचा गुणक आणि वर दहा-बारा मिळवायचे अशीच रचना होती, ती आकाशातून पडलेली नव्हती. माझ्या या ओबडधोबड हिशोबाने मामांच्या भाच्याचे ६०.८४ येतात. पण हे माझं सूत्र फॉर्ममध्ये टाकू नका, हे फक्त समजण्यासाठी.

चिपळूणचा_मामा

मास्तर, म्हणजे चौथं उत्तर आलं! ६२.८९, ५८.७, ६६.२ आणि आता ६०.८४. मग ते ०.७५ वजावालं कुणाचं?

खडूमास्तर

ते एआयसीटीईच्या, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, हँडबुकातलं. तिथे टेबल आहे, ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७०, ८.२५ म्हणजे ७५. सूत्रात लिहिलं तर

```
टक्के = (सीजीपीए − ०.७५) × १०
```

आता गंमत बघा. हे सूत्र पॉइंटला १० मार्क धरतं, मुंबईच्या पट्ट्या सरासरी ७ धरतात. दोन्ही रेषा ७.३३ च्या आसपास एकमेकींना छेदतात. त्याच्या वर सीजीपीए असेल तर एआयसीटीईचं सूत्र खऱ्यापेक्षा जास्त टक्के देतं आणि खाली असेल तर कमी. म्हणजे नऊवाल्याला फुकटचे पाच-सात टक्के आणि साडेसहावाल्याची कापाकापी. भाचा नेमका त्या कापाकापीत सापडलाय.

जुना_एटीकेटी

एवढं गणित कोण करतं मास्तर 😀 पण सीजीपीए जास्त तो हुशार हे तरी मान्य ना? सूत्र कुठलंही लावा, नंबर तोच राहतो ना मुलांचा.

खडूमास्तर

नाही ना, तिथेच तर खरी मेख आहे. तीन मुलं घ्या, पाच विषय, सगळ्या विषयांना क्रेडिट म्हणजे वजन सारखं.

पहिल्याला ८०, ८०, ७५, ७५, ७०. बेरीज ३८०, म्हणजे ७६ टक्के. पॉइंट १०, १०, ९, ९, ८. सरासरी ९.२.

दुसऱ्याला ७९, ७९, ७९, ७९, ७४. बेरीज ३९०, ७८ टक्के. पॉइंट ९, ९, ९, ९, ८. सरासरी ८.८.

तिसऱ्याला दोन विषयांत ९५ आणि तीन विषयांत ६९. बेरीज ३९७, ७९.४ टक्के. पॉइंट १०, १०, ७, ७, ७. सरासरी ८.२.

मार्कांत तिसरा पहिला आणि पहिला तिसरा. सीजीपीएत बरोब्बर उलट. कुठलंही सूत्र लावलंत तरी हा क्रम परत सरळ होणार नाही, कारण ग्रेड लावताना ७९ मधले वरचे चार मार्क आणि ९५ मधले वरचे पंधरा मार्क फेकून दिलेत, ते गुणाकाराने परत कसे येतील? एकदा दळलेल्या पिठाचे गहू होत नाहीत.

आणि हो, ही मी मुद्दाम शोधलेली मुलं आहेत हे कबूल. बहुतेक वर्गात दोन्ही याद्या जवळपास जुळतात. पण काठावरच्यांचं असं होतं, आणि प्रत्येक वर्गात काठावरचे असतातच.

श्टुटगार्टवाला

मास्तरांचं उदाहरण वाचून पोटात गोळा आला कारण हे माझ्यासोबत झालंय 😅

इथे जर्मनीत मास्टर्सला अर्ज करताना आपले मार्क त्यांच्या १ ते ४ च्या स्केलवर बदलतात (१ सगळ्यात भारी, ४ काठावर पास), त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात.

```
१ + ३ × (कमाल − मिळालेले) ÷ (कमाल − पासापुरते)
```

मास्तरांचा पहिला मुलगा घ्या. सीजीपीए टाकला तर कमाल १०, पास ४, मिळालेले ९.२, उत्तर १.४. त्याच मुलाचे टक्के टाकले तर कमाल १००, पास ४०, मिळालेले ७६, उत्तर २.२. तोच मुलगा! बऱ्याच कोर्सना २.५ ची अट असते आणि चांगल्या ठिकाणी चुरस २ च्या आत असते. १.४ वाला बसतो आणि २.२ वाला वेटिंगवर. आणि तिसरा मुलगा ज्याला सगळ्यात जास्त मार्क, त्याला सीजीपीएने १.९, टक्क्याने २.०३, म्हणजे त्याला फार फरकच नाही.

माझ्या बॅचला दोन्ही छापलेलं होतं, मी अज्ञानात टक्के टाकले, रूममेटने सीजीपीए टाकला. आम्ही दोघं आता वेगळ्या शहरांत आहोत. त्याचं शहर जास्त भारी आहे एवढंच सांगतो.

दहावी_ब

मी शाळेत शिकवते. सीजीपीए वगैरे माझा प्रांत नाही पण मामा म्हणाले की मार्कांच्या वेळी सगळं स्वच्छ होतं, त्यावर राहवलं नाही.

मार्क तरी कुठे स्वच्छ राहिलेत हो. एसएससीचंच बघा. पेपर ८० चा आणि २० शाळेच्या हातात. २०१९ च्या बॅचला भाषांच्या तोंडी परीक्षेचे ते २० काढून टाकले आणि लेखी १०० चं केलं. आदल्या वर्षी, २०१८ ला, राज्याचा निकाल ८९.४१ होता तो एकदम ७७.१० वर आला. घराघरात रडारड, अकरावीला आमची मुलं सीबीएसई-आयसीएसईवाल्यांच्या मागे पडणार म्हणून मोर्चे निवेदनं सगळं झालं, लगेच पुढच्या वर्षी २० मार्क परत आणले आणि २०२० चा निकाल ९५.३० लागला. मुलं एका वर्षात मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी परत हुशार झाली का? माझ्या वर्गात तरी तीच वस्ती, तीच घरं, तेच मी शिकवणारी.

शाळेत ते २० कसे दिले जातात हे मी इथे सांगत नाही. १८ च्या खाली दिले तर पालक शाळेत येतात एवढंच सांगते.

कोरा_कागद

दहावी_ब बाई, मुद्दा पटला पण आकडे एवढे सरळ नाहीत. २०१९ ला फक्त २० मार्क गेले नव्हते, अभ्यासक्रम नवीन होता, पुस्तकं नवी, पेपरचा साचा नवा, पहिल्या बॅचला नेहमीच फटका बसतो. आणि २०२० ला लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, बाकीच्या विषयांवरून सरासरी दिली. त्यामुळे १२ टक्के पडले आणि १८ वाढले त्यातले तोंडीचे नक्की किती हे सांगता येणार नाही.

दहावी_ब

हो ते आहे. नवीन पुस्तकांचा त्रास मलाही झाला होता. पण दुसऱ्या वर्षी पुस्तकं सवयीची झाली म्हणून निकाल ८९ वर परत गेला असता, ९५ वर कसा गेला? भूगोलाने एवढं होत नाही. असो, भांडत नाही, तुमचं अर्धं मान्य.

खडूमास्तर

बाईंनी २० मार्कांचा विषय काढलाच आहे तर इंजिनिअरिंगचंही सांगून टाकतो, आता रिटायर झालोय.

आमच्याकडे थिअरीचा विषय १०० चा, त्यात ८० विद्यापीठाचा पेपर आणि २० इंटर्नल टेस्टचे. पास व्हायला ८० पैकी ३२ आणि २० पैकी ८. समजा पोराला पेपरात ४४ पडले. इंटर्नलला मी प्रामाणिकपणे १२ दिले तर ५६, म्हणजे ६ पॉइंट. शेजारच्या कॉलेजात त्याच पोराला १८ दिले तर ६२, म्हणजे ७ पॉइंट. पेपर तोच, ४४ तेच.

पण खरा फुगवटा तिथे नाही, टर्मवर्कमध्ये आहे. प्रॅक्टिकलचं टर्मवर्क २५ चं असायचं, त्याला वेगळा क्रेडिट आणि वेगळी ग्रेड. २५ पैकी २० म्हणजे ८० टक्के, म्हणजे ओ, म्हणजे १० पॉइंट. आता सांगा, जर्नल पूर्ण करून आलेल्या पोराला कुठला मास्तर २० च्या खाली देतो? आमच्या एका वर्षीच्या ६० जणांच्या वर्गात ५२ जणांना २२ च्या वर होते, मी स्वतः मोजलं होतं. म्हणजे जवळजवळ आख्खा वर्ग टर्मवर्कला १० पॉइंटवाला.

याचा परिणाम बघा. सेमिस्टरला पाच थिअरी, प्रत्येकी ४ क्रेडिट, आणि पाच टर्मवर्क, प्रत्येकी १ क्रेडिट असं सोपं करून धरू. पोराला थिअरीत सगळीकडे ६ पॉइंट, म्हणजे २० क्रेडिटचे १२०. टर्मवर्कचे ५ क्रेडिट गुणिले १०, म्हणजे ५०. एकूण १७०, भागिले २५, आले ६.८. थिअरीत सहाचा मुलगा ६.८ झाला. हाच हिशोब उलटा केला तर मामा राग मानू नका, ६.६२ म्हणजे थिअरीत सरासरी ५.८ च्या आत येते.

फुगलाय की नाही हे ओळखायचं असेल तर ग्रेडकार्ड घ्या आणि थिअरीच्या ओळी एकीकडे आणि टर्मवर्क-ओरलच्या ओळी दुसरीकडे अशा दोन सरासऱ्या काढा. दोन-तीन पॉइंटांचं अंतर असेल तर वरचा मजला हवेत आहे.

चिपळूणचा_मामा

राग कसला मास्तर. बसलो आणि काढलं. थिअरी ५.७, टर्मवर्क सगळीकडे ओ, एकदाच ए. भाच्याला दाखवलं तर म्हणतो मामा सगळ्यांनाच ओ होता. बहिणीला मात्र दाखवलेलं नाही.

पण एक विचारतो, तुम्ही स्वतः किती द्यायचा?

खडूमास्तर

पहिली तीन वर्षं १५-१६-१७ द्यायचो. मग एकदा कॅम्पसला कंपनी आली, अट ६० टक्के किंवा ६ पॉइंट, आमच्या वर्गातली सातेक पोरं पॉइंट वन-टूने बाहेर बसली आणि शेजारच्या कॉलेजातली त्याच लायकीची पोरं आत गेली. एक पोरगा माझ्या केबिनबाहेर नुसता उभा होता, काही बोलला नाही. पुढच्या सेमिस्टरपासून मी पण २२ द्यायला लागलो.

तुपसाखर

न्यू जर्सीहून. मास्तरांनी जे सांगितलं ना अगदी तेच आमच्या इथे प्रिन्स्टनला झालं. २००४ मध्ये तिथल्या प्राध्यापकांनी ठराव केला की कुठल्याही डिपार्टमेंटने साधारण ३५ टक्क्यांपेक्षा जास्त ए ग्रेड द्यायच्या नाहीत. दहा वर्षं चालवलं. पण हार्वर्ड, येल कुणीच सोबत आलं नाही, मुलांना वाटायला लागलं की आपला बी म्हणजे दुसरीकडचा ए आणि नोकरी देणाऱ्याला ते कुठे माहितीये, शेवटी २०१४ ला ती अट काढून टाकली. आणि हार्वर्डचं म्हणाल तर २०२५ च्या त्यांच्याच रिपोर्टमध्ये आलंय की दिलेल्या ग्रेडांपैकी ६० टक्के नुसते ए आहेत, वीस वर्षांपूर्वी २४ टक्के होते. एकट्याने कडक राहिलं की आपलीच मुलं मार खातात.

जुना_एटीकेटी

मग आयआयटीसारखं करा ना, रिलेटिव्ह! तिथे मार्क किती पडले बघतच नाहीत, वर्गात कुठे आहात त्यावर ग्रेड. तिथे फुगवताच येत नाही. माझा चुलत भाऊ पवईला होता, त्याला ६.९ होता आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त येत होतं त्याला.

खडूमास्तर

परत अर्धं बरोबर. पवईला एए, एबी, बीबी अशा ग्रेड असतात, १०, ९, ८ असे पॉइंट, आणि रेघा कुठे मारायच्या हे शिकवणारा वर्गाचे मार्क समोर ठेवून ठरवतो. पण रेघ मारणारा हात माणसाचाच आहे, त्याने वीस जणांना एए दिला तर तिथेही फुगतंच. फुगवटा थांबतो तो किती जणांना वरची ग्रेड द्यायची याचा आकडा आधी बांधला तर. सीबीएसईने आता तसं केलंय, पास झालेल्यांचे आठ सारखे भाग, वरच्या भागाला ए-वन, पुढच्याला ए-टू. तिथे सगळ्यांना ए-वन मिळूच शकत नाही. मात्र त्याच मार्कशीटवर ग्रेडच्या शेजारी मार्कही छापतात आणि लोक मार्कच बघतात, ग्रेडकडे कुणी ढुंकून बघत नाही.

शिवाय रिलेटिव्हला वर्ग मोठा लागतो. आमच्या एका इलेक्टिव्हला नऊ पोरं होती आणि नऊही चांगली होती. त्यातल्या कुणाला तरी शेवटचं ठरवायचं, ते कशासाठी?

फणसपोळी

मग माझ्या मुलीच्या कॉलेजात रिलेटिव्ह आहे का कसं कळणार? आधी विचारावं का ऍडमिशनच्या वेळी?

खडूमास्तर

विचारा ताई, अगदी विचारा. यूजीसीने २०१४-१५ च्या सुमारास ग्रेडांची नावं आणि पॉइंट सुचवले, ओ ला १०, ए प्लसला ९, असे, पण कुठल्या मार्कांना कुठली ग्रेड हे विद्यापीठांवर सोडलं. त्यामुळे कॉलेजचं परीक्षा नियमांचं पुस्तक मागा, त्यात पट्ट्यांचं टेबल असतं. ओ ८० ला आहे की ९० ला एवढं बघितलंत तरी पुष्कळ. ८० ला असेल तर त्यांचा ९ आणि ९० वाल्यांचा ९ एक नाही.

कोरा_कागद

मी भरतीचं काम करतो (खासगीत), दुसरी बाजू सांगतो. आमच्याकडे फ्रेशरचे अर्ज येतात त्यात आता साडेआठच्या खाली फार कमी असतात, काही ऑटोनॉमस कॉलेजांतून तर आख्खी यादी नऊच्या वर येते. दहा वर्षांपूर्वी ७० टक्के म्हटलं की मी वर मान करून बघायचो. आता सीजीपीए फक्त गाळणी म्हणून वापरतो, ६ च्या खाली असेल तर सिस्टिमच उडवते, वर कितीही असला तरी आमची ऑनलाईन टेस्ट द्यावी लागते आणि पुढचं सगळं त्या टेस्टवर. म्हणजे नऊ मिळवायला ज्याने रात्री जागवल्या त्याला आमच्याकडे त्याचं काही मिळत नाही, हे मला स्वतःलाच बरं वाटत नाही पण ९.१ आणि ९.४ मधला फरक मला खरंच सांगता येत नाही.

कुणी अर्जात वर्गातला नंबर लिहिला, ११८ पैकी ९ वा असा, तर मात्र मी थांबून वाचतो. ग्रेडकार्डावर तो छापत का नाहीत हे मला कोडं आहे.

दहावी_ब

नंबर छापायचे बंद केले ते मुलांवर ताण येतो म्हणूनच ना. आमच्या शाळेत पहिला-दुसरा-तिसरा जाहीर करणं बंद केलं तेव्हा मला आनंद झाला होता. एक मुलगी कायम दुसरी यायची, चार मार्कांनी, तिची आई तिला त्या चार मार्कांवरून वर्षभर बोलायची. ग्रेड आली आणि दोघींना ए-वन झाला, तो घरातला छळ थांबला. हेही लिहून ठेवा मास्तर तुमच्या हिशोबात.

खडूमास्तर

लिहिलं. ७९ आणि ८१ मध्ये खरंच काही फरक नसतो, दोन तपासनीसांना एकच पेपर दिला तर तेवढा फरक येतोच, मी स्वतः रिचेकिंगमध्ये बघितलाय. त्या अर्थी ग्रेड जास्त प्रामाणिक. पण ७९ ला ९ आणि ८१ ला १० दिला की तो फरक पुसला जात नाही, उलट आख्खा एक पॉइंट होऊन बसतो. तुमच्या मुली दोघी एका पट्टीत होत्या म्हणून सुटल्या. मधून रेघ गेली असती तर आई परत बोललीच असती. याला माझ्याकडे उत्तर नाही.

जुना_एटीकेटी

बरं मग मामांनी फॉर्ममध्ये काय टाकायचं ते सांगा की कुणीतरी, पन्नास पोस्टी झाल्या.

कोरा_कागद

मामा, ९.५ चं ६२.८९ काढून टाका आधी. सरकारी आणि बँकांच्या जाहिरातीत बारीक अक्षरांत असतंच, सीजीपीए असेल तर विद्यापीठाच्या नियमाने टक्के काढून टाका आणि मागितल्यावर विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं तसं सर्टिफिकेट दाखवा. आयबीपीएसच्या जाहिरातीत तर स्पष्ट लिहिलेलं असतं की ५९.९९ म्हणजे ६० पेक्षा कमी, राउंड ऑफ नाही. फॉर्म आज निघून जाईल, कुणी बघणार नाही हे एटीकेटी म्हणतात ते खरं आहे, पण कागद तपासतात ते सगळ्यात शेवटी, परीक्षा मुलाखत सगळं पास झाल्यावर. तिथे सर्टिफिकेटवर ५९ आणि फॉर्मवर ६२ निघाले तर उमेदवारी रद्द. आमच्या ओळखीतल्या एकाची अशी गेलीय.

खडूमास्तर

हेच. कॉलेजच्या परीक्षा विभागात अर्ज द्या, सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर केल्याचं सर्टिफिकेट हवंय म्हणून. सोबत सगळ्या सेमिस्टरची ग्रेडकार्डं. भाच्याच्या बॅचचा पॅटर्न कुठला आणि त्याला कुठलं सर्क्युलर लागू हे त्यांना माहीत असतं, प्रत्येक पॅटर्नचं वेगळं असू शकतं म्हणून मित्राचं उत्तर चालणार नाही. ग्रेडकार्डाच्या मागच्या बाजूला बारीक टाईपात सूत्र छापलेलं असतं कधीकधी, ते पण बघा.

चिपळूणचा_मामा

मागची बाजू बघितली, लॅमिनेशन केलंय आणि मागे बहिणीने पोपटाचं चित्र असलेलं पुठ्ठ्याचं कव्हर चिकटवलंय, काही दिसत नाही. लॅमिनेशन काढावं का?

दहावी_ब

अहो नको!! फाटेल. कुणी ओरिजिनल लॅमिनेट करतं का.

चिपळूणचा_मामा

काल भाचा कॉलेजात जाऊन आला. क्लार्क म्हणाले अर्ज ठेवून जा, आठ दिवसांनी या, साहेब रजेवर आहेत. फी भरून घेतली. फॉर्मला आता नऊ दिवस राहिले. सर्टिफिकेटवर ६० च्या वर येणार का ५९ हे तिथे कुणी तोंडी सांगायला तयार नाही.

कोरा_कागद

अर्जाची पोच घेतली का? शिक्का मारलेली झेरॉक्स?

चिपळूणचा_मामा

फीची पावती आहे. अर्जाची पोच नाही घेतली.

कोरा_कागद

उद्या परत पाठवा त्याला. दोन प्रती घेऊन.